१८ टक्के की साडेअठरा टक्के? कर्जाचा खरा वार्षिक दर कसा काढायचा

समजा, तुम्हाला दागिने तारण ठेवून एक लाख रुपये हवे आहेत. मुदत एक वर्ष. मुद्दल आणि व्याज दोन्ही वर्षाअखेरीस एकदम भरायचे आहे. गावातली पतसंस्था सांगते, "साडेअठरा टक्के, सरळव्याज, वर्षाने भरा." शेजारची फायनान्स कंपनी सांगते, "अठरा टक्के, व्याज दरमहा आकारले जाईल, भरायचे मात्र वर्षाने."

बहुतेक लोक अठरा टक्केवाल्याकडे जातील, कारण अर्धा टक्का कमी दिसतो. वर्षाअखेरीस पतसंस्थेच्या कर्जदाराला १,१८,५०० रुपये भरावे लागतील आणि फायनान्स कंपनीच्या कर्जदाराला १,१९,५६२ रुपये. कमी दराचे कर्ज १,०६२ रुपयांनी महाग पडले. कोणी छुपी फी लावलेली नाही आणि दरही मध्येच बदललेला नाही. सगळा फरक "दरमहा आकारले जाईल" या शब्दांमुळे पडला आहे.

जाहिरातीतला दर आणि खरा दर

फायनान्स कंपनीने सांगितलेला १८ टक्के हा नाममात्र दर आहे. वर्षाचा दर बारा महिन्यांत सरळ वाटायचा आणि महिन्याला दीड टक्का लावायचा, एवढेच तो सांगतो. महिन्याला लावलेले व्याज पुढे कुठे जाते, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

वर्षभरात व्याजावर जे व्याज चढते ते धरून एकूण किती टक्के पडले, हे सांगणारा आकडा म्हणजे प्रभावी वार्षिक दर. बँकेच्या भाषेत त्याला इफेक्टिव्ह ॲन्युअल रेट म्हणतात. आपल्या उदाहरणात फायनान्स कंपनीचा प्रभावी दर १९.५६ टक्के आहे. पतसंस्था वर्षातून एकदाच व्याज लावते, त्यामुळे तिचा नाममात्र आणि प्रभावी दर एकच, १८.५ टक्के.

व्याज ठरावीक काळाने खात्यात नावे टाकून शिल्लक नव्याने मोजण्याला बँका "रेस्ट" म्हणतात. कर्जाच्या कागदपत्रांत "मंथली रेस्ट", "क्वार्टरली रेस्ट" किंवा "ॲन्युअल रेस्ट" असे लिहिलेले असते. दर वाचताना त्याच्या शेजारचा हा शब्द वाचला नाही, तर दर अर्धवटच वाचल्यासारखे होते.

खात्यात महिन्यागणिक काय होते

कंपनीने एक लाख रुपये दिले. पहिला महिना संपताना त्यावर दीड टक्का, म्हणजे १,५०० रुपये व्याज झाले. हे व्याज तुम्ही लगेच भरायचे नाही, पण ते तुमच्या खात्यात नावे पडले. आता तुमच्याकडून १,०१,५०० रुपये येणे आहे.

दुसऱ्या महिन्याचा दीड टक्का या १,०१,५०० रुपयांवर लागतो. व्याज १,५२२.५० रुपये होते. जास्तीचे साडेबावीस रुपये हे पहिल्या महिन्याच्या दीड हजारावरचे व्याज आहे. तिसऱ्या महिन्यात व्याज १,५४५.३४ रुपये होते. असे वाढत वाढत बाराव्या महिन्याचे व्याज १,७६६.९२ रुपयांवर पोचते, आणि येणे बाकी १,१९,५६१.८२ रुपये होते.

यातले १८,००० रुपये मूळ मुद्दलावरचे व्याज आहे. उरलेले १,५६२ रुपये व्याजावरचे व्याज आहे. साडेबावीस रुपयांपासून सुरू झालेली गोष्ट बारा महिन्यांत दीड हजाराच्या पुढे गेली. प्रत्यक्षात महिने कधी तीस तर कधी एकतीस दिवसांचे असतात आणि बँका दिवसांवर व्याज मोजतात, त्यामुळे खातेउताऱ्यात काही रुपये इकडेतिकडे दिसतील. मुख्य फरक तोच राहतो.

हा प्रकार केवळ कागदावरचा नाही. बँकांच्या एकरकमी परतफेडीच्या सोनेतारण कर्जात, ज्याला बुलेट रिपेमेंट म्हणतात, नेमके असेच घडते. व्याज दरमहा खात्याला लागते आणि भरायची वेळ मुदतीच्या शेवटी येते. कर्जदाराला वर्षभर काहीच भरावे लागत नाही, म्हणून त्याला वाटते की व्याजही एकदाच लागणार आहे.

सूत्र आणि मोबाइलवरचा हिशेब

नाममात्र दर r असेल आणि वर्षातून n वेळा व्याज लागत असेल, तर प्रभावी दराचे सूत्र असे:

```
(1 + r/n)^n − 1
```

शाळेत शिकलेल्या चक्रवाढ व्याजाचेच हे सूत्र आहे, फक्त मुदत एक वर्षाची. १८ टक्के दरमहा असेल तर 0.18 ला 12 ने भागले की 0.015 येतात. त्यात 1 मिळवून 1.015 चा बारावा घात काढायचा. उत्तर 1.1956 येते. त्यातून 1 वजा केला की 0.1956, म्हणजे १९.५६ टक्के.

घात काढण्याची सोय मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये असते. फोन आडवा केला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये ते बटण दिसते. एक्सेल किंवा गूगल शीट्स वापरत असाल तर काम आणखी सोपे आहे:

```
=EFFECT(18%,12)
=NOMINAL(18.5%,12)
```

पहिल्या ओळीचे उत्तर १९.५६ टक्के येते. दुसरी ओळ उलटा प्रश्न विचारते: पतसंस्थेच्या साडेअठरा टक्क्यांची बरोबरी करायची असेल तर दरमहा व्याज लावणाऱ्या कंपनीने किती दर सांगायला हवा? उत्तर १७.०९ टक्के. म्हणजे या व्यवहारात कंपनीचा दर १७ टक्क्यांच्या आसपास असेल तरच ती पतसंस्थेइतकी स्वस्त आहे. घासाघीस करताना हा आकडा कामाला येतो.

वारंवारता वाढली की दर किती वाढतो

एक लाख रुपये, १८ टक्के नाममात्र दर, वर्षभर काहीही भरलेले नाही असे धरून:

| व्याज कधी लागते | वर्षाअखेरीस देणे | प्रभावी दर |
|---|---|---|
| वर्षातून एकदा | ₹१,१८,००० | १८.०० टक्के |
| सहामाही | ₹१,१८,८१० | १८.८१ टक्के |
| तिमाही | ₹१,१९,२५२ | १९.२५ टक्के |
| दरमहा | ₹१,१९,५६२ | १९.५६ टक्के |
| दररोज | ₹१,१९,७१६ | १९.७२ टक्के |

वर्षावरून सहामाहीवर आलो तेव्हा देणे ८१० रुपयांनी वाढले. महिन्यावरून थेट रोजवर आलो तेव्हा फक्त १५४ रुपयांनी. व्याज तासाला लावा की मिनिटाला, हा दर १९.७२ टक्क्यांच्या पलीकडे फारसा जात नाही. त्यामुळे "रोज व्याज लागते" हे ऐकून दचकण्यापेक्षा वर्षाचे व्याज महिन्यावर आले आहे का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट टेबलात दिसत नाही. मूळ दर जितका मोठा, तितकी ही तफावत झपाट्याने वाढते. ९ टक्के दरमहा असेल तर प्रभावी दर ९.३८ टक्के होतो, फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. १८ टक्क्यांना फरक दीड टक्क्याचा. "तीन रुपये शेकडा" म्हणजे महिन्याला तीन टक्के. लोक त्याला बाराने गुणून ३६ टक्के म्हणतात. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले तर तो ४२.५८ टक्के पडतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के लागत असतील, तर बाराने गुणून ४२ टक्के येतात आणि वर्षभर दर महिन्याचे व्याज बाकीत मिळत गेल्यास ५१.११ टक्के. त्यावरचा जीएसटी वेगळा.

दर दुप्पट झाला की व्याजावरचे व्याज सुमारे चौपट होते, कारण व्याजही दुप्पट आणि त्यावर लागणारा दरही दुप्पट. म्हणूनच छोट्या मुदतीच्या महागड्या कर्जांत "महिन्याला फक्त इतके टक्के" ही भाषा सर्वांत जास्त फसवते.

व्याज दरमहा भरले तर?

फायनान्स कंपनीचे कर्ज घेतले आणि दर महिन्याला लागलेले दीड हजार त्या त्या महिन्यातच भरून टाकले, तर व्याजावर व्याज चढायला जागाच उरत नाही. वर्षभरात १८,००० रुपये जातील. पतसंस्थेचे १८,५०० आहेत. मग कंपनीच स्वस्त ठरली का?

रुपये कमी गेले हे खरे, पण ते आधी गेले. पहिल्या महिन्यात भरलेले दीड हजार पुढचे अकरा महिने तुमच्या हाती नव्हते. त्या पैशाचे तुम्ही एरवी काय केले असते, यावर उत्तर ठरते.

ते दीड हजार तुम्ही दरमहा ६ टक्क्यांनी वाढणाऱ्या आवर्ती ठेवीत टाकले असते, तर वर्षाअखेरीस १८,५०३ रुपये जमले असते. म्हणजे ज्याचा जादा पैसा ६ टक्क्यांच्या ठेवीतच जाणार आहे, त्याच्यासाठी दोन्ही कर्जे जवळजवळ सारखी आहेत. पण दुकानात माल भरायला तुम्हाला दरमहा पैसा लागतो आणि तो नसला तर दुसरीकडून १८ टक्क्यांनी उचलावा लागतो, अशी स्थिती असेल तर त्या बारा हप्त्यांची किंमत वर्षाअखेरीस १९,५६२ रुपयेच होते. मग पतसंस्था स्वस्त.

हातात दरमहा पैसा येतो की वर्षातून एकदा, यावर खूप काही अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २००२ पासून बँकांना कर्जावर दरमहा व्याज आकारायला सांगितले, तेव्हा शेतीकर्जाला यातून वेगळे ठेवले. शेतकऱ्याला पीक विकल्यावरच पैसा मिळतो. त्यामुळे मुदतीत असलेल्या पीककर्जावर बँकांनी चक्रवाढ पद्धतीने व्याज लावायचे नाही, आणि व्याजाची वसुली पीकहंगामाशी जुळवायची, असा नियम आहे. कर्ज थकले की मात्र ही सवलत संपते आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवता येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने परतफेडीची अंतिम तारीख चुकण्याचा अर्थ केवळ दंड नाही. त्या तारखेनंतर हिशेबाची पद्धतच बदलू शकते.

हप्त्याच्या कर्जात गोष्ट उलटी होते

इथपर्यंत वाचून "व्याज जितक्या कमी वेळा लागेल तितके बरे" असे वाटेल. हप्त्याच्या कर्जात ते खरे नाही.

गृहकर्जात तुम्ही दरमहा हप्ता भरता. मंथली रेस्ट असेल तर प्रत्येक हप्त्यातून त्या महिन्याचे व्याज जाते, उरलेल्या पैशाने मुद्दल लगेच कमी होते आणि पुढच्या महिन्याचे व्याज कमी झालेल्या मुद्दलावर लागते. ॲन्युअल रेस्ट असेल तर तुम्ही हप्ते दरमहाच भरता, पण मुद्दल वर्षातून एकदाच कमी केले जाते. जानेवारीत भरलेल्या पैशाचा फायदा तुम्हाला वर्ष संपल्यावर मिळतो. पूर्वी देशात अशी गृहकर्जे सर्रास असत.

दहा लाख रुपये, १० टक्के, १५ वर्षे असे कर्ज घेऊ. मंथली रेस्टवर हप्ता १०,७४६ रुपये येतो. ॲन्युअल रेस्टवर तोच हप्ता १०,९५६ रुपये. महिन्याला २१० रुपये जास्त, पंधरा वर्षांत सुमारे ३७,८०० रुपये जास्त. दर दोन्हीकडे १० टक्केच छापलेला. प्रभावी दर काढला तर मंथली रेस्टचा १०.४७ टक्के येतो आणि ॲन्युअल रेस्टचा सुमारे १०.८५ टक्के.

म्हणून नियम असा लक्षात ठेवावा: मुदतीच्या शेवटी एकदम भरायचे कर्ज असेल, तर व्याज जितके विरळ लागेल तितके चांगले. दरमहा हप्ता भरायचे कर्ज असेल, तर हिशेब जितका वारंवार होईल तितके चांगले, कारण तुमचा पैसा लगेच जमेस धरला जातो. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. पैसा कोणाच्या हातात किती दिवस राहतो आणि त्याचा हिशेब कधी केला जातो?

की फॅक्ट्स स्टेटमेंटमधला एपीआर म्हणजे हाच दर का?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसोबत बँका आणि फायनान्स कंपन्यांना की फॅक्ट्स स्टेटमेंट द्यावे लागते. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. हा आकडा उपयोगी आहे, कारण त्यात प्रोसेसिंग फीसारखे खर्चही धरलेले असतात. वर काढलेल्या प्रभावी दरात ते धरलेले नाहीत.

पण एपीआर आणि प्रभावी वार्षिक दर एकच आहेत असे समजू नका. रिझर्व्ह बँकेने नमुना म्हणून दिलेल्या हिशेबात २०,००० रुपयांचे कर्ज आहे, दर १५ टक्के, मुदत २४ महिने, हप्ता ९७० रुपये. ४०० रुपये फी कापून हाती १९,६०० रुपये येतात आणि एपीआर १७.०७ टक्के दाखवला आहे. हा आकडा महिन्याचा खरा दर, म्हणजे सुमारे १.४२ टक्के, काढून त्याला बाराने गुणल्यावर येतो. म्हणजे फी धरली आहे, पण चक्रवाढीचा परिणाम धरलेला नाही. तो धरला तर वर्षाचा प्रभावी दर सुमारे १८.४७ टक्के होतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. दोन्ही कर्जे दरमहा हप्त्याची असतील, तर एपीआरची एपीआरशी तुलना खुशाल करा, उत्तर बरोबरच येईल. एक कर्ज दरमहा हप्त्याचे आणि दुसरे वर्षाअखेरीस भरायचे असेल, तर मात्र हप्त्याच्या कर्जाचा एपीआर `=EFFECT(17.07%,12)` असा बदलून घ्या आणि मगच दुसऱ्याशी तुलना करा. क्रेडिट कार्डाला हे स्टेटमेंट लागू नाही. सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, त्यामुळे तिथेही ते आपोआप मिळेल असे धरू नका. तिथे हिशेब स्वतःच करावा लागतो.

सही करण्यापूर्वी काउंटरवर काय विचाराल

दराबद्दल वाद घालण्याऐवजी एक साधा प्रश्न विचारा: "आज माझ्या हातात नक्की किती रुपये येतील, आणि मध्ये काहीच भरले नाही तर वर्षाने नेमके किती रुपये भरून दागिने सुटतील?" हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या. दुसऱ्याला पहिल्याने भागून एक वजा केला की फीसकट खरा वार्षिक दर मिळतो. रेस्ट, फी, व्याजाची पद्धत हे सगळे त्यात आपोआप येते.

त्यानंतर दोन गोष्टींची खात्री करा. व्याज खात्याला कधी नावे पडते ते करारात वाचा, कारण तोंडी "सरळव्याज" सांगून कागदावर "मंथली रेस्ट" असू शकते. आणि मधल्या काळात व्याज भरले नाही तर दर वाढतो का, तेही विचारा. काही सोनेतारण योजनांत जाहिरातीतला कमी दर वेळेवर व्याज भरणाऱ्यांसाठीच असतो आणि उशीर झाला की वरचा दर लागू होतो. असे असेल तर वरच्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही परिस्थितींसाठी वेगवेगळे लिहून मागा.

कर्ज चालू झाल्यावर तपासणीही सोपी आहे. दुसऱ्या महिन्याचा खातेउतारा मागवा. मध्ये काही भरले नसताना दुसऱ्या महिन्याचे प्रतिदिन व्याज पहिल्यापेक्षा वाढलेले दिसले, तर व्याजावर व्याज लागू झाले आहे. तसे ठरलेले नसेल तर त्याच दिवशी लेखी विचारणा करा. आणि तसे ठरलेलेच असेल, तर शक्य त्या महिन्यात निदान व्याजापुरती रक्कम भरत जा. एक लाखाच्या आपल्या उदाहरणात तेवढ्याने १,५६२ रुपये चढणार नाहीत.